‘बसवत नाही’ आणि ‘तोंड चालूच असतं’: दहा मिनिटांच्या तपासणीत काय बघायचं, काय लिहायचं

“माले बसवत नही, सिस्टर. पायमा काहीतरी वळवळस.”

पारोळा भागातून आलेल्या या मावशी. वय ५८, स्किझोफ्रेनियासाठी १९ वर्षांपासून गोळ्या चालू. सोबत सून होती, आणि तिचं म्हणणं अगदी सरळ होतं: आजार पुन्हा वाढला आहे, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतात, भाकरी थापायला चुलीपुढे बसल्या तर दोन भाकरींत उठतात, तेव्हा डॉक्टरांना सांगून डोस वाढवून द्या. जाता जाता तिने आणखी एक वाक्य टाकलं, जे कुणी विचारलंच नव्हतं. “आणि तोंडात काही नसलं तरी सारखं चघळत असतात.”

मी खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात परिचारिका आहे. सुनेने सांगितलेल्या दोन गोष्टी, न बसवणं आणि चघळणं, या दोन वेगळ्या त्रासांच्या खुणा होत्या, आणि दोन्ही बहुधा गोळ्यांमुळे होत्या. तिच्या म्हणण्यावर डोस वाढवला असता तर पहिला त्रास भडकला असता आणि दुसरा काही दिवस झाकला गेला असता. हे कसं ओळखायचं आणि केसपेपरवर कसं उतरवायचं, ते मावशींच्याच उदाहरणाने सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी न बसवणं. त्याला वैद्यकात अकॅथिसिया म्हणतात. हाश्कोवेट्स नावाच्या चेक डॉक्टरांनी १९०१ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं आणि त्याचा अर्थ ‘बसता न येणं’ असाच आहे. म्हणजे मावशींनी अहिराणीत जे सांगितलं तेच आजाराचं नाव. यात आतून एक ओढ लागते, विशेषतः पायांत. हललं की क्षणभर बरं वाटतं, थांबलं की पुन्हा तगमग. मनोविकारावरची गोळी सुरू केल्यावर किंवा तिचा डोस वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत हा त्रास सुरू होतो. कधी तो महिनोन्‌महिने राहतो.

दुसरा त्रास म्हणजे टार्डिव्ह डिस्कायनेशिया, आम्ही नुसतं टीडी म्हणतो. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. काही महिने किंवा वर्षं गोळ्या घेतल्यावर ओठ, जीभ, जबडा, कधी बोटं आणि कधी कंबर आपोआप हलू लागते. चघळल्यासारखं, ओठ मुडपल्यासारखं, जीभ आत वळल्यासारखं. हालचालीला ठरलेला ताल नसतो. झोपेत ती थांबते, ताण आला की वाढते, आणि रुग्णाला बऱ्याचदा तिचा पत्ताच नसतो. या गोळ्या मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. वर्षानुवर्षं ते अडवलं गेलं की डोपामिन पकडणाऱ्या पेशी जास्तच संवेदनशील होतात, असं टीडीमागचं सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण आहे. ते अपुरं आहे, पण त्यातून एक गोष्ट नीट कळते: डोस वाढवला की टीडी दबते आणि कमी केला की उघडी पडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, मावशींच्या बाबतीत ती पुढे येणार आहे.

दोन्हींतला फरक एका प्रश्नात सापडतो: हलावंसं वाटतं, की आपोआप हलतं? अकॅथिसियाचा माणूस स्वतः हलतो, कारण न हलणं त्याला सोसत नाही. टीडीचा माणूस हलत नाही, त्याचं तोंड हलतं.

हा प्रश्न मी पूर्वी विचारत नसे. वॉर्डातला एक तरुण मुलगा महिन्याचं इंजेक्शन घेतल्यापासून खाटेजवळ उभा राहून सारखा या पायावरून त्या पायावर होत असे. मी नोंदवहीत लिहिलं, ‘रुग्ण अस्वस्थ, सूचना पाळत नाही, समज दिली.’ पुढच्या पाळीतल्या परिचारिकेने ते वाचून तसंच लिहिलं, आणि आमच्या नोंदी वाचून त्याच्या गोळ्या वाढल्या. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, “सिस्टर, हे असंच राहणार असेल तर मला जगायचं नाही.” तेव्हा कुठे आम्ही त्याला बसवून नीट विचारलं. अकॅथिसियाची तगमग माणसाला आत्महत्येच्या विचारापर्यंत नेऊ शकते. म्हणून आता ज्याला बसवत नाही त्याला मी मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारते आणि उत्तर लिहून ठेवते.

मावशींकडे परत येते. तपासणी त्या आत येण्याआधीच सुरू झाली होती. बाहेरच्या बाकावर माणूस कसा बसतो हे त्याला न कळता बघणं हा तपासणीचा पहिला भाग आहे, कारण आपल्याकडे बघतायत हे कळलं की टीडीची हालचाल माणूस थोडा वेळ दाबू शकतो. मावशी बाकावरून चार वेळा उठल्या. बसल्या असतानाही टाचा वर-खाली चालू होत्या. तोंड मिटलेलं असताना गाल आतून फुगत होता.

आत आल्यावर मी त्यांना बिनहाताच्या टणक स्टुलावर बसवलं. हात टेकायला जागा असली की बोटांची हालचाल लपते आणि मऊ खुर्चीत कंबरेची. मग चपला काढायला सांगितल्या. पायांची बोटं दिसल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही. साडीच्या निऱ्यांत घोटे झाकलेले असतात, त्यामुळे पडदा ओढून, विचारून, साडी घोट्याच्या थोडी वर घ्यायला सांगायची. बाईची तपासणी पुरुष करणार असेल तर सोबत बाई हवी. एवढं केलं नाही तर पायाचे गुण केवळ अंदाजाने भरले जातात.

त्यानंतर तोंड. आमच्या भागात हा टप्पा सर्वांत जास्त फसवतो. तपासणीच्या मूळ सूचनेत तोंडात च्युइंगगम किंवा चघळायची गोड गोळी आहे का विचारा असं आहे. आपल्याकडे विचारायचं ते तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मशेरी. गालात तंबाखूची चिमूट धरून बसलेल्या माणसाची जीभ दर अर्ध्या मिनिटाला तिच्याकडे जातेच, ती टीडी नव्हे. म्हणून चूळ भरायला लावायची आणि पाच मिनिटं थांबायचं. वर्षानुवर्षं सुपारी खाऊन ज्याचं तोंड आखडलं आहे त्याला तोंड पुरतं उघडता येत नाही. तेही लिहायचं, नाहीतर पुढचा तपासणारा ‘सहकार्य नाही’ असं लिहील. दातांचं विचारायचं. दात पडलेला किंवा सैल कवळीचा माणूस गोळ्या न घेताही तोंड चाळवतो. मावशींचे खालचे चार दात नव्हते, दोन दुखत होते, कवळी नव्हती. मशेरी लावत, पण त्या दिवशी लावलेली नव्हती.

मग गोळ्यांची पिशवी उलटी करायची. नुसतं ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ विचारलं तर लोक फक्त डोक्याच्या गोळ्या सांगतात. ओकारीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि ॲसिडिटीच्या कॅप्सुलमध्ये मिसळलेलं लेवोसल्पिराइड ही दोन्ही औषधं डोपामिन अडवतात आणि त्यांच्यामुळे हे दोन्ही त्रास होऊ शकतात. ‘ती तर गॅसची गोळी आहे’ असं म्हणून ती पिशवीच्या तळाशी राहते. मावशींच्या पिशवीत तशी गोळी नव्हती. होतं ते हॅलोपेरिडॉल आणि हातापायांचा कडकपणा येऊ नये म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. जुना केसपेपर चाळल्यावर दिसलं की हॅलोपेरिडॉल बरीच वर्षं दिवसाला १० मिलिग्रॅम होतं. कानातले आवाज वाढले म्हणून पाच आठवड्यांपूर्वी ते १५ केलं होतं.

मी सुनेला विचारलं, “येरझाऱ्या कधी सुरू झाल्या? आवाज वाढले तेव्हा, की डोस वाढवल्यावर?” ती थोडा वेळ बोटांवर मोजत राहिली. “आवाज तर आता कमी झालेत. हे चालणं नंतरचं. नवीन गोळ्यांना आठ-दहा दिवस झाले असतील तेव्हापासून.”

निम्मं निदान या उत्तरात होतं. आजार वाढला असता तर आवाजही वाढले असते.

टीडी मोजण्यासाठी आम्ही जी मोजपट्टी वापरतो तिला एम्स म्हणतात. (दिल्लीच्या त्या नावाच्या रुग्णालयाशी तिचा संबंध नाही.) अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची ही मोजपट्टी १९७६ मध्ये छापली गेली. तिच्यात १२ कलमं आहेत, पण गुणांची बेरीज पहिल्या सातांचीच करतात: चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, धड. प्रत्येकाला ० ते ४ गुण. शून्य म्हणजे काही नाही. १ म्हणजे किंचित, कदाचित निरोगी माणसातही दिसेल इतकं. २ सौम्य, ३ मध्यम, ४ तीव्र. आठवं कलम एकंदर तीव्रतेचं, नववं या हालचालींमुळे कामात किती अडतं याचं, दहावं रुग्णाला स्वतःला किती जाणवतं याचं. शेवटची दोन दातांची आणि कवळीची, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही.

मावशींना मी सांगितलं, हात गुडघ्यांवर ठेवा, पाय एकमेकांपासून थोडे दूर, तळवे जमिनीला टेकवा आणि नुसत्या बसा. आपण नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मग हात मोकळे लोंबते सोडायला सांगितले. त्यानंतर तोंड उघडायला, दोनदा. इथे नवखे लोक लगेच ‘जीभ बाहेर काढा’ म्हणतात आणि चुकतात. टीडीची जीभ तोंडाच्या आत, विसाव्याच्या जागी बघायची असते. मावशींची जीभ खालच्या दातांमागे पडलेली असताना गांडुळासारखी वळत होती, कधी डावीकडे, कधी वर, ताल असा काही नाही. जीभ ठरावीक लयीत थरथरली असती तर ते कंपन झालं असतं, आणि कंपनाला एम्समध्ये गुण नाहीत. आतली जीभ बघून झाल्यावर मग बाहेर काढायला सांगायची, तीही दोनदा.

पुढची पायरी मला फार आवडते, कारण ती साधी असून पुष्कळ काही दाखवते. उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याच हाताच्या एकेका बोटाला झपाझप टेकवायला सांगायचं, दहा-पंधरा सेकंद, आणि मग डाव्या हाताने. रुग्णाचं लक्ष बोटांकडे जातं, आणि आपण मात्र बघायचं ते तोंडाकडे आणि पायांकडे. मन दुसरीकडे गुंतलं की दाबून धरलेली हालचाल सुटते. मावशींनी बोटं सुरू केली आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ओठ मुडपायला लागले, जबडा आडवा सरकायला लागला. जे बसल्या-बसल्या अर्धवट दिसत होतं ते स्पष्ट झालं.

मग एकेक हात वाकवून सरळ करून कडकपणा बघितला, नव्हता. उभं केलं, बाजूने बघितलं. दोन्ही हात समोर, तळवे खाली. शेवटी काही पावलं चालून, वळून परत, असं दोनदा. चालताना लोंबत्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात का ते बघायचं. मावशींची उजवी दोन बोटं किंचित हलत होती.

गुण असे दिले: चेहरा १, ओठ २, जबडा २, जीभ ३, हात १, पाय ०, धड ०. बेरीज ९. एकंदर तीव्रता ३. अडचण १, कारण जेवताना घास तोंडातून सांडतो असं सुनेने सांगितलं. रुग्णाची जाणीव ०. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, तोंड तर ठीक आहे, पायांचं बघा.

नुसत्या ९ आकड्याला निदानाच्या दृष्टीने फार अर्थ नाही. एकाच ठिकाणी ३, किंवा दोन ठिकाणी प्रत्येकी २, निदान तीन महिने गोळ्या घेतलेल्या, आणि हालचालीला दुसरं कारण नाही, असं असेल तर टीडी असण्याची शक्यता धरतात. शूलर आणि केन या दोघांनी १९८२ मध्ये हा निकष मांडला. मावशींची जीभ एकटीच तिथे पोचली होती. उलट सात ठिकाणी एक-एक गुण मिळून ७ झाले तरी हा निकष पुरा होत नाही. म्हणून मी बेरीज लिहिते, पण कधीच एकटी लिहीत नाही.

पायांना शून्य दिला हे कुणाला खटकेल, कारण टाचा तर आपटत होत्या. इथेच दोन त्रास एकमेकांत मिसळतात. पाय आपटणं एम्सच्या यादीतही आहे. मी मावशींना म्हटलं, “पाय एक मिनिट अजिबात हलवू नका.” पाय थांबले, पण चेहरा आवळला, मांड्या ताठ झाल्या, आणि चाळीस सेकंदांनी त्या म्हणाल्या, “नही जमत.” थांबवता येतं पण सोसत नाही, ही ओढ आहे. पायाच्या बोटांत किंवा घोट्यात वेगळी वळवळ नव्हती. म्हणून ही हालचाल मी अकॅथिसियाच्या खात्यात टाकली आणि शेजारी कारण लिहिलं. दुसऱ्या कुणी पायांना २ दिले असते तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र त्याने तसं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी अकॅथिसिया बरा झाल्यावर आकडा खाली येईल आणि टीडी सुधारली असा भ्रम होईल.

अकॅथिसियासाठी वेगळी मोजपट्टी आहे. ब्रिटनमधल्या बार्न्स यांनी १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिची रीत अशी: रुग्णाशी साध्या गप्पा मारायच्या, निदान दोन मिनिटं बसवून आणि निदान दोन मिनिटं उभं करून. उभं करणं लोक गाळतात, आणि तिथेच चूक होते, कारण सौम्य अकॅथिसिया बसल्यावर लपतो आणि एका जागी उभं केलं की बाहेर येतो. मी मावशींशी कापसाच्या वेचणीबद्दल बोलत होते. उभ्या राहिल्यावर त्या या पायावरून त्या पायावर होत राहिल्या, जवळजवळ सगळा वेळ.

या मोजपट्टीत चार गोष्टी आहेत. आपल्याला काय दिसतं: ० ते ३. हालचाल निम्म्याहून कमी वेळ असेल तर १, निम्मा वेळ किंवा जास्त असेल तर २, सतत असेल किंवा एका जागी राहताच येत नसेल तर ३. रुग्णाला आतून काय जाणवतं: ० ते ३. त्याचा त्रास किती होतो: ० ते ३. आणि सगळं मिळून आपलं मत: ० ते ५. मावशींचे गुण २, २, २ आणि एकंदर ३, म्हणजे मध्यम. पाय हलतात पण आतून काहीच ओढ नाही असं रुग्ण ठामपणे सांगत असेल तर एकंदर गुण शून्य धरून ‘आभासी अकॅथिसिया’ असं लिहायचं असतं. त्यामुळे दुसरा प्रश्न विचारण्याची भाषा फार महत्त्वाची. ‘अस्वस्थ वाटतं का?’ असं विचारलं तर आमच्याकडची बाई ‘हो’ म्हणते आणि घरची चिंता सांगू लागते. ‘रांगेत उभं राहवतं का? भाकरी होईपर्यंत बसवतं का? एसटीत बसून येताना काय झालं?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. मावशी पारोळ्याहून येताना सीट असूनही उभ्याने आल्या होत्या.

रात्री आडवं पडल्यावरच पाय ओढत असतील आणि दिवसा काहीच नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात रक्तातलं लोह तपासतात. चिंतेने येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाची तगमग मनातली असते, तो पायांचं सहसा बोलत नाही. या सीमा नेहमीच स्वच्छ नसतात. अशा वेळी ‘संशय’ असं लिहून पंधरा दिवसांनी पुन्हा मोजणं हे ठाम पण चुकीच्या शब्दापेक्षा बरं.

आता नोंद. मावशींच्या केसपेपरवर त्या दिवशी मी लिहिलं ते जवळपास असं:

‘सकाळी ११ वा. शेवटची गोळी काल रात्री ९ वा. हॅलोपेरिडॉल १५ मिग्रॅ/दिवस (५ आठवड्यांपासून, आधी अनेक वर्षे १०). ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ दिवसातून २ वेळा. ओकारी/ॲसिडिटीचे औषध नाही. टणक स्टूल, चपला काढून, तोंड रिकामे, मशेरी आज नाही. खालचे ४ दात नाहीत, २ दुखरे, कवळी नाही. एम्स: चेहरा १, ओठ २, जबडा २, जीभ ३, हात १, पाय ०, धड ०, बेरीज ९, एकंदर ३, अडचण १, जाणीव ०. जीभ विसाव्यात असताना अनियमित वळते, बोटांच्या कृतीत ओठ-जबडा वाढतात. पायांची हालचाल ओढीची, सांगितल्यावर ४० सेकंद थांबते, म्हणून एम्समध्ये धरली नाही. बार्न्स: २, २, २, एकंदर ३. सुरुवात डोस वाढवल्यावर ८-१० दिवसांनी (सुनेकडून). आवाज पूर्वीपेक्षा कमी. मरणाचे विचार: विचारले, नाहीत. कडकपणा, कंपन नाही. यापूर्वीची एम्स नोंद केसपेपरवर नाही.’

शेवटचं वाक्य लिहिताना मला वाईट वाटलं. १९ वर्षांत एकदाही कुणी मोजलं नव्हतं, त्यामुळे जिभेची हालचाल कधीपासूनची आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गोळ्या सुरू करण्याच्या दिवशीच सात शून्यं लिहून ठेवली असती तर हे कळलं असतं. रिकामी जागा आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत: शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं, रिकामी जागा म्हणजे बघितलं की नाही ते ठाऊक नाही.

एक बारकावा आणखी. एम्सच्या मूळ सूचनेनुसार फक्त कृती करायला लावल्यावर दिसणारी हालचाल एक गुण कमी धरायची असते. आता बरेच जण ही वजाबाकी करत नाहीत. आम्हीही करत नाही. कुठलीही रीत चालेल, पण एका विभागात सगळ्यांनी एकच पाळायची, आणि जमेल तितकं एकाच माणसाने एका रुग्णाला मोजायचं. दोन जणांत एखाद्या गुणाचा फरक सहज पडतो.

डॉक्टरांनी हे वाचलं आणि डोस वाढवला नाही. हॅलोपेरिडॉल परत १० वर आणलं. दमा नाही, नाडी आणि रक्तदाब ठीक आहे हे बघून अकॅथिसियासाठी प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. सून घाबरली होती. आवाज पुन्हा वाढले तर लगेच या, पण स्वतःहून कुठलीही गोळी एकदम बंद करू नका, हे तिला दोनदा सांगितलं आणि तसं सांगितल्याचीही नोंद केली. एकदम बंद केल्याने मूळ आजार उसळतो, आणि टीडीही उघडी पडून वाढल्यासारखी दिसते.

पंधरा दिवसांनी मावशी बाकावर शांत बसल्या होत्या. बार्न्स: दिसणं १, जाणवणं १, त्रास ०, एकंदर १. पण एम्सची बेरीज ११ निघाली. ओठ २ चे ३ झाले होते, हात १ चा २. त्या दिवशी माझ्यासोबत शिकायला आलेली मुलगी होती, ती म्हणाली, “सिस्टर, उपचाराने बिघडलं की!”

नुसता आकडा बघितला तर तसंच वाटतं. पण आकड्याशेजारी डोस लिहिलेला होता. १५ मिलिग्रॅमवर जे दाबलं गेलं होतं ते १० वर दिसायला लागलं. टीडी पंधरा दिवसांत वाढली असं म्हणण्यापेक्षा ती आधीपासून तेवढी होती आणि डोसने झाकली होती, हे जास्त संभवतं. उलटंही तितकंच खरं: डोस वाढवल्यावर एम्स कमी झाला तर ते बरं होणं नव्हे. म्हणून डोसाशिवाय लिहिलेला एम्सचा आकडा पुढच्या माणसाची दिशाभूल करतो.

कडकपणा आणि कंपन नसल्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू कमी केलं. ती गोळी हातापायांच्या कडकपणावर चालते, पण टीडी तिने वाढू शकते, आणि गरज संपल्यावरही ती वर्षानुवर्षं चालू राहिलेली मी पुष्कळांची बघितली आहे. तीन महिन्यांनी एम्स ८, बार्न्स ०. जीभ अजून २ वर आहे. टीडी दर वेळी जातेच असं नाही. कमी धोक्याच्या औषधावर जाणं आणि टेट्राबेनाझिनसारखी टीडीवरची गोळी देणं हे दोन मार्ग डॉक्टरांनी मावशींपुढे आणि सुनेपुढे ठेवले. टेट्राबेनाझिनने मन उदास होऊ शकतं, म्हणून त्यात तेही बघत राहावं लागतं. मावशींनी तूर्त थांबायचं ठरवलं, कारण तोंडाचं त्यांना काही वाटत नव्हतं. तो त्यांचा निर्णय म्हणून लिहिला.

किती दिवसांनी मोजायचं? दर भेटीला नजरेने बघायचंच. मोजपट्टीने मोजणं अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी निदान सहा महिन्यांतून एकदा आणि बाकीच्यांसाठी वर्षातून एकदा सांगितलं आहे. वय ५५ च्या वर, बाई, आणि आधी अकॅथिसिया किंवा कडकपणा झालेला, असे लोक जास्त धोक्यात येतात. मावशी तिन्हींत बसतात. नव्या पिढीच्या गोळ्यांत टीडी कमी होते, पण होते. रिस्पेरिडोनवर आहे म्हणून मोजायचं टाळू नये.

घरच्यांसाठी दोन कामं आहेत. जेवताना आणि टीव्ही बघताना, म्हणजे रुग्णाचं स्वतःकडे लक्ष नसताना, तोंड आणि बोटं काय करतात ते बघा. त्यांना विचारून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना दाखवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि कुठलीही गोळी सुरू झाली, वाढली किंवा बंद झाली की ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर मांडा. मावशींच्या सुनेला बोटांवर मोजत बसावं लागलं होतं. आता तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ‘१५ ची १०’ असं लाल पेनने लिहिलेलं आहे, आणि पुढच्या खान्यात, ‘आज सगळ्या भाकरी बसून केल्या.’